हिमोग्लोबिन ३.१ : रात्रीच्या फोनआधी काय तपासले आणि फोन का थांबवला नाही

डॉक्टरांचा प्रश्न : "काल रात्री तुमच्या प्रयोगशाळेतून तातडीचा फोन आला, हिमोग्लोबिन ३.१. बाई स्वतःच्या पायांनी चालत ओपीडीत आलेल्या आहेत, बोलताहेत. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट ८.२ होता. त्यातच दुपारी गावच्या दवाखान्यात त्यांना डीएनएसची सलाईन लावलेली होती. आकडा खरा आहे हे तुम्ही कशावरून ठरवलेत? पुन्हा रक्त मागवून, खात्री करून मगच फोन का केला नाहीत? आणि आज सकाळच्या नमुन्यात २.९ आले आहे, तर मी कोणता आकडा धरू?"

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सप्रेम नमस्कार.

आपली शंका रास्त आहे. चालत आलेल्या रुग्णाचा ३.१ हा आकडा ज्याला खटकत नाही, त्याच्या हाती रिपोर्ट देऊच नये, असे मी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सांगते. उत्तर देण्यापूर्वी एक फरक स्पष्ट करते, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. बल्बमध्ये जे रक्त आहे त्याचे हिमोग्लोबिन ३.१ आहे का, हा एक प्रश्न. आणि बल्बमधले रक्त त्याच बाईंचे, दुसरे काही न मिसळलेले आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आमच्या टेबलावर पंधरा-वीस मिनिटांत मिळते. दुसऱ्याचे पूर्ण उत्तर टेबलावर कधीच मिळत नाही, त्यासाठी रुग्णाकडे परत जावे लागते. काल रात्री फोन केला तेव्हा पहिल्याची मला खात्री होती आणि दुसऱ्याबद्दल बराच भरवसा होता. फोन करायला एवढे पुरेसे होते. रक्ताची पिशवी लावायला पुरेसे नव्हते, आणि म्हणूनच फोनवर नवा नमुना मागितला.

आता क्रमाने सांगते. खाडीपलीकडच्या संकलन केंद्रावर संध्याकाळी सव्वापाचला रक्त घेतले गेले आणि आमच्याकडे ते पावणेआठला, कूल बॉक्समधून पोचले. या अडीच तासांनी हिमोग्लोबिनवर काही परिणाम होत नाही. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएमधले रक्त त्या मोजणीसाठी दिवसभर चालते. आपल्याला माहीत आहेच की काल संध्याकाळी पावसात वीज ये-जा करत होती. वीज परत आल्यावर सेल काउंटर सुरू केला की आधी रिकामी मोजणी घ्यायची आणि मग कंट्रोल लावायचे, हा आमचा नेम आहे. कंट्रोल तीन पातळ्यांचे असतात आणि अशा वेळी माझे लक्ष खालच्या पातळीच्या कंट्रोलवर असते, कारण वरच्या दोन पातळ्या बरोबर आल्या तरी यंत्र तळाशी खरे बोलते आहे याची हमी मिळत नाही. काल तो कंट्रोल त्याच्या ठरलेल्या मर्यादेत होता. आपल्या रुग्णाच्या लगेच आधी आणि लगेच नंतर लावलेले दोन नमुनेही मी पुन्हा लावले आणि त्यांचे आकडे पहिल्यासारखेच आले. यंत्र बिघडले असते तर ते एकाच रुग्णापुरते बिघडले नसते.

पहिली मोजणी आठ वाजून पाच मिनिटांनी झाली: हिमोग्लोबिन ३.१ ग्रॅम, हिमॅटोक्रिट ११.७ टक्के, लाल पेशी १९.४ लाख, पेशीचा सरासरी आकार म्हणजे एमसीव्ही ६०, एकेका पेशीतला रंग म्हणजे एमसीएच १६. पांढऱ्या पेशी ६,८०० आणि प्लेटलेट ५,२०,०००. हे शेवटचे दोन आकडे कृपया लक्षात ठेवावेत, सलाईनच्या शंकेचे बरेचसे उत्तर त्यांत आहे.

बल्ब हातात घेऊन पाहिल्याशिवाय मी अशा आकड्यावर विश्वास ठेवत नाही. रक्त खुणेपर्यंत भरलेले होते. झाकण काढून लाकडी काडी फिरवली, तिला गुठळी किंवा तंतू लागला नाही. गुठळी असती तर पेशी तीत अडकतात आणि उरलेले पातळ रक्त यंत्रात जाते. पण तेव्हा प्लेटलेट बहुधा सर्वांत आधी कोसळतात, आणि इथे तर त्या भरपूर होत्या. मग बल्ब हळूहळू आठ-दहा वेळा उलटासुलटा करून पुन्हा लावला. हे वरवर साधे वाटते, पण रक्तक्षयाच्या नमुन्यात त्याला फार महत्त्व आहे, कारण पेशी जितक्या कमी तितक्या त्या लवकर तळाशी बसतात. सहकाऱ्याशी चार वाक्ये बोलेपर्यंत वर नुसता प्लाझ्मा जमा होतो, आणि यंत्राच्या सुईने वरचा थर ओढला तर खोटेच कमी हिमोग्लोबिन येते. दुसऱ्या मोजणीत ३.२ आले, म्हणजे मिसळण्यात कसर नव्हती.

त्यानंतर यंत्राला पूर्ण बाजूला ठेवून एक तपासणी केली. केशनलिकेत रक्त भरून, एक टोक मेणाने बंद करून, हिमॅटोक्रिटच्या सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटे फिरवली. बाहेर काढली तेव्हा तळाशी लाल पट्टी बोटाच्या नखापेक्षाही आखूड होती आणि वरचा सगळा प्लाझ्मा जवळजवळ पाण्यासारखा फिका. मोजपट्टीवर १२ टक्के भरले. यंत्राने हिशेबाने काढलेले ११.७ आणि डोळ्यांनी मोजलेले १२, या दोन पूर्ण वेगळ्या रीतींचे उत्तर एक आले, तेव्हा बल्बमधले रक्त खरोखरच इतके विरळ आहे याबद्दल मला संशय उरला नाही. प्लाझ्माच्या फिकेपणाचीही नोंद ठेवली. पेशी फुटून रक्त कमी झाले असते तर तो बहुधा पिवळट किंवा लालसर दिसला असता.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ जण तिच्यावर विसंबतात. हिमोग्लोबिनची तिप्पट म्हणजे हिमॅटोक्रिट, तीनने इकडेतिकडे चालेल, हा पडताळा आम्हां सर्वांना शिकवलेला असतो. ३.१ ची तिप्पट ९.३ आणि यंत्राचे ११.७, फरक तीनच्या आत, म्हणून काही जण बरोबरची खूण करून मोकळे होतील. पण हा नियम नेहमीच्या आकाराच्या, नेहमीइतक्या रंगाच्या लाल पेशींसाठी आहे. शिवाय जिथे हिमॅटोक्रिटच ११ आहे, तिथे तीनची सूट म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा झाला. इतक्या खाली हा पडताळा बरोबरही म्हणत नाही आणि चूकही म्हणत नाही, म्हणून मी तो हिशेबात धरला नाही.

आता सलाईन. आपल्या पत्रातला हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि रुग्णाला दुपारी सलाईन लावली होती हे मला संकलन केंद्राला फोन केल्यावरच कळले. सलाईन मिसळली तर रक्तातल्या सगळ्याच पेशी एकाच प्रमाणात कमी होतात. ती लाल पेशी तेवढ्या निवडून पातळ करत नाही. समजा बाईंचे खरे हिमोग्लोबिन अजूनही ८.२ च आहे आणि नुसत्या सलाईनमुळे ३.१ दिसले. ८.२ ला ३.१ ने भागले की साधारण २.६५ येते, म्हणजे रक्त तितक्या पटीने पातळ झालेले असले पाहिजे. मग त्यांच्या खऱ्या पांढऱ्या पेशी ६,८०० च्या २.६५ पट, म्हणजे १८,००० असायला हव्यात, आणि प्लेटलेट पावणेचौदा लाख. मोठा जंतुसंसर्ग असेल तर १८,००० पांढऱ्या पेशी अशक्य नाहीत, आणि लोह कमी असले की प्लेटलेट वाढतात हेही खरे. पण दोन्ही एकदम इतक्या वर असाव्यात आणि नेमक्या त्याच पटीत पातळ होऊन एक अगदी सर्वसाधारण व दुसरी किंचित वाढलेली दिसावी, हे पटण्यासारखे नाही.

तरीही हा पुरावा परिस्थितीजन्यच आहे, म्हणून साखरेकडे वळले. डीएनएसमध्ये पाच टक्के डेक्स्ट्रोज असते, म्हणजे डेसिलिटरमागे ५,००० मिलिग्रॅम. नमुन्यात तिचा दहावा हिस्सा जरी मिसळला, तरी साखर पाचशेच्या आसपास वाढलेली दिसली पाहिजे. आणि आपल्या शंकेप्रमाणे निम्म्याहून अधिक सलाईन असती, तर आकडा हजारांत जाऊन यंत्राची मर्यादाच ओलांडली असती. आपल्या चिठ्ठीवर साखरेचीही तपासणी लिहिलेली असल्याने त्याच सिरिंजमधले रक्त फ्लोराइड बल्बमध्ये आलेले होते. त्यातली साखर १०४ होती. माझ्या मते सलाईनचा प्रश्न इथे मिटला. केंद्रावरच्या मुलीनेही सांगितले की सलाईन डाव्या हाताला होती, ती काढून दोन तास झाले होते आणि तिने रक्त उजव्या हातातून घेतले. पण तोंडी माहितीपेक्षा १०४ वर माझा अधिक भरवसा आहे, कारण घाईत घेतलेल्या रक्ताची आठवण माणसाला नेहमीच नीट राहत नाही.

तुलनेसाठी सलाईन खरोखर मिसळलेला नमुना कसा दिसतो तेही सांगते. एका वॉर्डमधून आलेल्या अशाच नमुन्यात हिमोग्लोबिन ६ होते, पांढऱ्या पेशी ३,४०० आणि प्लेटलेट १,२०,०००. मात्र एमसीव्ही ८८, पूर्णपणे नेहमीसारखे. तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम कमी आणि तरी लाल पेशीचा आकार निरोगी, हे पाहिले की रुग्णापेक्षा बल्बचा संशय आधी घ्यावा. दुसऱ्या हातातून घेतलेल्या रक्तात हिमोग्लोबिन ११.८ निघाले, पांढऱ्या पेशी ६,७०० आणि प्लेटलेट २,३६,०००. म्हणजे पहिल्या बल्बमध्ये जवळजवळ निम्मी सलाईन होती. सलाईनने पेशींची संख्या घटते, एकेका पेशीत असलेला रंग घटत नाही. आपल्या रुग्णाचे एमसीएच १६ आहे, आणि तेवढी फिकी पेशी काही बाटलीतून येत नाही.

अर्थात एमसीव्ही ६० आहे म्हणून ३.१ खरे, असे मी म्हणत नाही. थॅलेसेमियाचे वाहक असलेल्या माणसाच्या पेशीही लहान असतात आणि त्याचे हिमोग्लोबिन ११ असू शकते; त्याच्या रक्तात सलाईन मिसळली तर लहान पेशी आणि कमी हिमोग्लोबिन एकत्र दिसतील. पेशीचा आकार रक्तक्षयाचा प्रकार सुचवतो, त्याची खोली मात्र सांगत नाही. खोलीचा पुरावा पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि साखर यांनी दिला. आणि सलाईन साध्या मिठाची किंवा आरएल असती, तर साखरेचा काहीच उपयोग झाला नसता. मग सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम आणि प्रथिने यांकडे पाहावे लागले असते, आणि ती उत्तरे इतकी ठसठशीत मिळत नाहीत. काल डीएनएस होती, हे आपल्या पथ्यावर पडले.

राहिला ओळखीचा प्रश्न. बल्बवर नाव, वय आणि वेळ होती, ती चिठ्ठीशी जुळत होती, आणि केंद्रावरच्या मुलीने बाईंना स्वतःचे नाव सांगायला लावले होते. पण आमच्याकडे त्यांचा पूर्वीचा एकही नमुना नाही, त्यामुळे जुन्या रक्ताशी पडताळा घेता आला नाही. तुमच्याकडच्या सिस्टरनी नंतर जुन्या रिपोर्टचा फोटो पाठवला, त्यात एमसीव्ही ६७ आहे. रक्त चढवलेले नसेल तर एमसीव्ही काही दिवसांत फारसे हलत नाही, म्हणून नमुन्यांची अदलाबदल पकडायला तो हिमोग्लोबिनपेक्षा चांगला साक्षीदार असतो. मात्र इथे मधे दोन महिने गेले आहेत आणि यंत्रही वेगळे आहे. लोहाची उणीव वाढत गेली तर ६७ चे ६० होणे अगदी स्वाभाविक आहे, इतकेच मी म्हणू शकते. त्यावरून बाई त्याच, हे सिद्ध होत नाही. ही उणीव फक्त नवा नमुना भरून काढू शकत होता.

स्लाइड रंगवून पाहिली तेव्हा चित्र आकड्यांशी जुळले. लाल पेशी लहान, कडेला बारीकशी रंगीत किनार आणि मधे मोठी पोकळी, अधूनमधून पेन्सिलीसारख्या लांबट पेशी. तुटक्या पेशी नाहीत, गोळ्यासारख्या घट्ट पेशी नाहीत, आणि पावसाळा असल्याने मलेरियाचे परजीवी मुद्दाम शोधले, तेही नाहीत. प्लेटलेटबद्दल एक शंका आपणही घेतली असती: इतक्या लहान लाल पेशींतल्या काही यंत्र प्लेटलेट समजून मोजते. स्लाइडवर मात्र प्लेटलेट खरोखरच भरपूर दिसल्या, तेव्हा ५,२०,००० त थोडी भर लाल पेशींची असली तरी वरचा हिशेब त्याने बदलत नाही. मज्जेतून नुकत्याच आलेल्या कोवळ्या लाल पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, १.२ टक्के आल्या. हा आकडा दिसायला सर्वसाधारण आहे, पण हिमॅटोक्रिट ११.७ असताना तो तसाच वाचू नये. ४५ च्या प्रमाणात दुरुस्त केला तर तो ०.३ च्या आसपास उतरतो. म्हणजे मज्जा या रक्तक्षयाला उत्तर देऊ शकत नाही, बहुधा तिच्याकडे लोहच नाही.

बाई चालत कशा आल्या, याचे उत्तरही मला याच चित्रात दिसते, जरी ते सांगण्याचा अधिकार माझ्यापेक्षा आपला आहे. हे रक्त एका दिवसात गेलेले नाही. हळूहळू घटले की हृदय अधिक वेगाने रक्त फिरवते, लाल पेशी ऊतींना ऑक्सिजन अधिक सहज सोडून देतात, आणि बाकीचे रुग्ण स्वतःच करतो: चढणीवर थांबतो, विहिरीवरून पाणी आणायचे सोडतो, आणि विचारले की "जरा दम लागता, बाकी काय नाय" असे सांगतो. शेतीच्या, मासळीच्या कामाला जाणाऱ्या बायका या भागात किती खालच्या हिमोग्लोबिनवर दिवस काढतात, ते आपण माझ्याहून अधिक पाहिले असेल. म्हणून रुग्ण चालतो आहे हा आकड्याविरुद्धचा पुरावा मी धरत नाही. उलट चालता-बोलता रुग्ण आणि लहान फिक्या पेशी हे दोन्ही जुनाट रक्तक्षयाकडेच बोट दाखवतात. एमसीव्ही ९० असलेल्या, चालत आलेल्या रुग्णाचे ३.१ मिळाले असते, तर मात्र मी कितीतरी अधिक बिचकले असते.

फोनच्या वेळेबद्दल आपण विचारले आहे. आमच्या यादीप्रमाणे प्रौढ रुग्णाचे हिमोग्लोबिन ६ च्या खाली गेले की डॉक्टरांना तातडीने कळवायचे. हा आकडा सगळीकडे एक नाही. कोणी ७ धरते, कोणी ५, आणि प्रत्येक प्रयोगशाळेने तो तिच्याशी जोडलेल्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचा असतो. पहिल्या मोजणीपासून फोनपर्यंत पस्तीस मिनिटे गेली, ती वर सांगितलेल्या कामांत गेली. रेटिक्युलोसाइट आणि स्लाइडचे बारकाईचे वाचन मात्र फोननंतर केले, कारण त्यांच्या उत्तराने फोन करायचा की नाही हे बदलणार नव्हते. नवा नमुना मागवून मग फोन करायचा ठरवले असते, तर केंद्र बंद झालेले होते, बाईंचे घर खाडीपलीकडे, आणि रक्त थेट सकाळीच मिळाले असते. शहरात हा उशीर तासाभराचा असतो. इथे रक्तकेंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. गाडी ठरवणे, नातेवाईक गोळा करणे आणि पावसात वळणांचा रस्ता कापणे यात अर्धी रात्र जाते. माझा फोन खोटा ठरला असता तर नुकसान एका सुईचे आणि थोड्या धावपळीचे होते. खरा असून उशिरा केला असता, तर ती अर्धी रात्र परत मिळाली नसती. आणि क्रॉसमॅचसाठी ताजे, वेगळे रक्त घ्यावेच लागते, त्यामुळे खात्रीचा नमुना हे वेगळे कामही नव्हते.

आपला फोन लागला नाही. आपल्याकडे सड्यावर रेंज असते आणि खाली उतरले की जाते, हे ठाऊक असल्याने मी वाट न पाहता रुग्णालयाच्या फोनवर रात्रपाळीच्या सिस्टरना आठ वाजून चाळीस मिनिटांनी आकडा दिला. रुग्णाचे पूर्ण नाव, वय, रक्त घेतल्याची वेळ आणि हिमोग्लोबिन सांगून त्यांना ते लिहून घ्यायला लावले आणि परत वाचून घेतले. खराब लाइनवर तीन आणि तेरा यांत घोटाळा होऊ शकतो आणि १३.१ हा तर कोणालाच न खटकणारा आकडा आहे, म्हणून "तीन पॉइंट एक, तेरा नव्हे, गंभीर कमी आहे" असे शब्द वापरले. परत वाचताना सिस्टरनी ते तसेच म्हटले. त्यांचे नाव, वेळ आणि परत वाचल्याची खूण आमच्या वहीत आहे. नंतर आपण स्वतः फोन केलात तेव्हा तेच आपल्याला सांगितले आणि सलाईन नसलेल्या हातातून नवा ईडीटीए बल्ब मागितला. बाईंच्या घरच्यांना मी आकडा सांगितलेला नाही. कोणीच डॉक्टर किंवा सिस्टर मिळत नसतील तेव्हाच घरच्यांना फोन करायचा, आणि तेव्हाही फक्त "आत्ता रुग्णालयात या" एवढेच सांगायचे, अशी आमची रीत आहे.

आता २.९ आणि ३.१. हे दोन्ही एकच उत्तर आहे. यंत्र दोनदा लावले की ०.१ चा फरक येतोच, काल एकाच बल्बने ३.१ आणि ३.२ दिले. त्यात काल बाईंना बसवून रक्त घेतले होते आणि आज सकाळी रात्रभर आडव्या असलेल्या रुग्णाचे घेतले. आडवे पडल्यावर पायांकडचे पाणी रक्तात परतते आणि हिमोग्लोबिन थोडे खाली दिसते. या ०.२ वरून रात्रीत रक्तस्राव झाला असा अर्थ काढू नये, आणि झाला नाही असाही नाही. ते नाडी, रक्तदाब आणि पाळीची माहिती यांवरून आपणच ठरवाल. माझ्यासाठी आजच्या नमुन्यात महत्त्वाचे हे की एमसीव्ही पुन्हा ६० आले, प्लेटलेट ५,०५,००० आले आणि स्लाइड कालच्यासारखीच आहे. दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या वेळी घेतलेले रक्त असे जुळले, म्हणजे काल अपुरा राहिलेला ओळखीचा प्रश्नही सुटला. रिपोर्टवर आजचा आकडा धरावा आणि पुढची तुलना त्याच्याशी करावी.

हाच हिशेब उलट्या परिस्थितीत चालत नाही, तेही सांगून ठेवते. अपघातात किंवा बाळंतपणात अचानक रक्त गेले तर पेशी आणि प्लाझ्मा बरोबरच जातात, म्हणून पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिन फसवे चांगले दिसते, एमसीव्ही नेहमीसारखे असते आणि माझ्याकडून फोन येणारच नाही. तिथे फोन आला नाही म्हणजे सारे ठीक, असे कृपया समजू नये. आणि डायलिसिसवर असलेल्या किंवा आधीच माहीत असलेल्या रुग्णाचा आकडा त्याच्या आदल्या आकड्याइतकाच कमी आला तर रोज रात्री आपल्याला उठवावे का, हे आपण दोघांनी बसून ठरवायला हवे. माझे मत असे की पहिल्या वेळी नेहमी कळवावे आणि पुढे एक ग्रॅमने उतरल्यावरच. पण शेवटचा शब्द आपला.

पहिली पिशवी लावण्याआधी एक विनंती. दात्याचे रक्त आत गेले की पुढचे काही आठवडे कोणत्याही तपासणीत बाईंच्या आणि दात्याच्या पेशी मिसळून येतात. फेरिटिन, बी-१२, आणि थॅलेसेमिया किंवा सिकलसेलसाठी लागणारी एचपीएलसी यांचे रक्त आधीच काढून ठेवावे. तपासण्या आज करायच्या की नंतर, हे निवांत ठरवता येईल. एचपीएलसीबद्दल एक अडचण अशी की लोह फार कमी असताना हिमोग्लोबिन ए-२ चा आकडाही खाली येतो आणि थॅलेसेमियाचा वाहक सुटून जाऊ शकतो. त्यामुळे आता ती नॉर्मल आली तरी लोह भरून निघाल्यावर, आणि दात्याच्या पेशी संपल्यावर, पुन्हा करावी लागेल. एका पिशवीने साधारण एक ग्रॅम वाढ अपेक्षित असते. इतक्या जुनाट रक्तक्षयात रक्त सावकाश द्यावे लागते, हे मी आपल्याला सांगायला नको. फक्त प्रत्येक पिशवीनंतरचा सीबीसी पाठवताना चिठ्ठीवर रक्त दिल्याची वेळ लिहावी, म्हणजे एमसीव्ही एकदम चढलेला पाहून आमच्याकडे कोणी नमुना बदलल्याचा संशय घेणार नाही.

कालचा ईडीटीए बल्ब, फ्लोराइड बल्ब आणि दोन्ही स्लाइड्स वेगळ्या ठेवल्या आहेत. बल्ब फ्रिजमध्ये आहेत आणि आठवडाभर टाकले जाणार नाहीत. आपल्याला स्वतः स्लाइड पाहायची असल्यास संध्याकाळी सहानंतर सूक्ष्मदर्शक मोकळा असतो. आणि रात्रीसाठी आपला दुसरा एखादा क्रमांक, शक्यतो घरचा लँडलाइन, कळवावा. तो आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते.

आपली नम्र,
वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ